पंपातून निघालेलं औषध मुलाच्या छातीत पोचतं का? स्पेसर आणि मास्क नीट वापरण्याबद्दल

दम्याचा पंप दाबला की फुस्स असा आवाज येतो आणि औषध गेलं असं आपल्याला वाटतं. त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की औषध डबीतून बाहेर पडलं. मुलाच्या फुप्फुसात पोचायला त्याला अजून स्पेसरची नळी, नळीच्या टोकाची झडप, मास्क आणि मुलाचं नाक-तोंड एवढं सगळं पार करायचं असतं. वाटेत कुठंही ते अडकू शकतं किंवा फटीतून निघून जाऊ शकतं, आणि तसं झालं तरी बघणाऱ्याला चटकन कळत नाही. मूल खोकतच राहतं, घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही, आणि पुढच्या भेटीत डोस वाढतो.

हे टिपण साधारण एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे, कारण औषध वाया जाण्याच्या जागा या वयात सगळ्यात जास्त. मोठ्या मुलांबद्दल लागेल तेवढंच पुढं येईल. कुठला पंप आणि किती पफ हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. लिहून दिलेलं औषध आत कसं पोचवायचं, एवढंच इथं बघू.

कागल तालुक्यातली साडेतीन वर्षांची एक मुलगी. 15 ऑक्टोबरला तिचा रोजचा पंप सुरू झाला, सकाळी दोन पफ आणि रात्री दोन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई आणि आजी तिला दाखवायला घेऊन आल्या. रात्रीचा खोकला थांबला नव्हता, पहाटे छातीत घरघर व्हायची. गळीत हंगाम जोरात होता, शिवारात पाचट पेटवलेली, त्यामुळं हे धुरानंच होतंय असं घरात ठरून गेलं होतं. धुरानं त्रास वाढतो हे खरंच आहे. ‘पण डॉक्टर, पंप मी दोन्ही टायमाला देतो, एक दिवस चुकवला न्हाई,’ आई म्हणाली, आणि तेही खरंच होतं. मग तिला सांगितलं, घरी देता अगदी तसाच इथं एकदा देऊन दाखवा.

तिनं पिशवीतून पंप काढला, टोपण काढून स्पेसरला मागून जोडला, मुलीच्या तोंडासमोर मास्क धरला, लागोपाठ दोनदा दाबलं आणि तीन-चार सेकंदांत मास्क बाजूला घेतला. मुलगी मान फिरवत होती. आजीनं सांगितलं, घरी शक्यतो पोरगी झोपल्यावरच देतो, ‘झोपंत रडत न्हाई बघा.’ मायेनं आणि नेमानं चाललेलं काम होतं. औषध मात्र फार थोडं आत जात होतं. का, ते एकेक टप्पा घेऊन बघू.

हलवल्याशिवाय दाबू नका

पंपाच्या धातूच्या डबीत औषध दाबाखालच्या द्रवात असतं. बऱ्याच पंपांत औषधाचे कण त्या द्रवात विरघळलेले नसतात, नुसते मिसळलेले असतात. पंप ठेवून दिला की ते वेगळे होतात. न हलवता दाबलं तर एका पफात औषध कमी येतं, दुसऱ्यात जास्त. म्हणून टोपण काढायचं, पंपाच्या तोंडात काही कचरा अडकलेला नाही ना ते बघायचं आणि पंप उभा धरून पाच-सहा वेळा जोरात हलवायचा. दुसरा पफ द्यायच्या आधी पुन्हा हलवायचा. हे दुसऱ्यांदा हलवणं जवळजवळ सगळ्यांचं राहून जातं, कारण पंप स्पेसरला लावलेलाच असतो. पंप न काढता सगळं एकत्र धरून हलवलं तरी चालतं.

डबी नवी असेल, किंवा आठवडाभर वापरली नसेल, तर आधी काही पफ हवेत सोडावे लागतात. डबीच्या तोंडाशी बरोबर एका पफापुरतं औषध मोजून घेणारा एक छोटा कप्पा असतो आणि तो आधी नीट भरावा लागतो. किती पफ सोडायचे हे प्रत्येक पंपाचं वेगळं असतं आणि खोक्यातल्या पत्रकात लिहिलेलं असतं. रोजच्या पंपाला याची गरज क्वचितच पडते. दम लागल्यावर द्यायचा पंप मात्र महिनोन्महिने कपाटात पडून असतो आणि लागतो तो मध्यरात्री, घाईच्या वेळी. म्हणून तो पंधरवड्यातून एकदा काढून बघावा, चालतो का आणि मुदत उलटलेली नाही ना.

नळीत काय होतं

पंपातून औषध फार वेगानं बाहेर पडतं. थेट तोंडात मारलं तर बराचसा भाग जिभेवर आणि घशाच्या मागच्या बाजूला आदळून तिथंच राहतो. शिवाय दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमावं लागतं, आणि ते मोठ्या माणसांनाही नीट जमत नाही. स्पेसर ही मधली रिकामी नळी. तिच्यात तुषाराचा वेग मंदावतो, जड थेंब भिंतीला बसतात आणि बारीक थेंब हवेत तरंगत राहतात. छातीत खोलवर जाणारे थेंब ते हेच. नळीच्या पुढच्या टोकाला एकाच दिशेनं उघडणारी पातळ झडप असते. मूल श्वास आत घेतं तेव्हा ती उघडते, सोडतं तेव्हा मिटते. त्यामुळं मुलाचा उच्छ्वास नळीत शिरत नाही आणि तयार झालेला तुषार उधळला जात नाही.

हे तरंगणं फार वेळ टिकत नाही. जितका उशीर तितके थेंब भिंतीला चिकटत जातात. म्हणून आधी मास्क चेहऱ्यावर नीट बसवायचा आणि मगच दाबायचं. पंप आधी दाबून, मग सोफ्यामागं लपलेल्या मुलापर्यंत मास्क नेला, तर नळीत शिल्लक फारसं काही नसतं.

एका वेळी एकच पफ द्यायचा, त्याचं कारणही हेच. लागोपाठ दोनदा दाबलं की नळीत तुषाराची दाटी होते, थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि भिंतीवर बसतात. कागलच्या मुलीला दोन पफ एकदम मिळत होते, म्हणजे तिच्यासाठी लिहिलेल्या डोसातला चांगलाच हिस्सा नळीलाच लागत होता.

मास्क

माझ्या मते औषधाची सगळ्यात मोठी गळती इथं होते, म्हणून यावर थोडं थांबू.

मास्कनं नाक आणि तोंड दोन्ही झाकलं पाहिजे आणि त्याची कड गालांना, नाकाच्या वरच्या भागाला आणि हनुवटीला सगळीकडून टेकली पाहिजे. बारीकशी फट राहिली तरी फार फरक पडतो. झडप उघडायला मुलाला थोडा जोर लावावा लागतो, फटीतून मात्र हवा आपोआप येते. त्यामुळं फट असली की मूल बाहेरचीच हवा आत घेतं आणि औषध नळीत तसंच राहतं. आई मास्क तोंडाच्या बोटभर पुढं धरते, मुलाला दडपल्यासारखं वाटू नये म्हणून. तेवढ्यानं मुलाच्या वाट्याला औषध जवळजवळ येतच नाही.

मास्क नीट बसला आहे का, हे ओळखायची खूण झडपेत आहे. मुलाच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती हलताना दिसली पाहिजे. हलत नसेल तर कुठंतरी फट आहे, किंवा झडप चिकटली आहे, किंवा मुलानं श्वास रोखून धरला आहे. पंप दाबायच्या आधीच दोन श्वास झडप बघा. ती हलतेय याची खात्री झाली की मग दाबा. ही एक सवय लागली तरी बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप पकडल्या जातात.

मास्कचं मापही बघा. वर्षाच्या बाळासाठी घेतलेला मास्क चार वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत पोचत नाही, आणि मोठा मास्क बाळाच्या डोळ्यांवर चढतो. स्पेसर तोच ठेवून बहुतेक वेळा फक्त मास्क बदलता येतो. औषधाच्या दुकानात मुलाला सोबत न्या आणि लावून बघा.

मुलाला कसं धरायचं? मांडीवर, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकलेली, पाठ सरळ आणि हनुवटी किंचित वर. एका हातानं मास्क धरायचा, दुसऱ्या हातानं पंप दाबायचा. अंगठा खाली, तर्जनी डबीवर. लहान बोटांच्या आयांना डबी दाबायला जड जाते, तेव्हा सुरुवातीला घरातल्या कुणीतरी मुलाचे हात धरून मदत करावी. आडवं झोपवून देऊ नका. अगदी तान्ह्या बाळालाही हाताच्या कुशीत अर्धवट बसतं करून द्यावं.

आता रडण्याबद्दल. ‘रडलं की खोल श्वास घेतो, औषध जास्तच जातं,’ असं बऱ्याच घरांत म्हणतात. प्रत्यक्षात उलट होतं. रडणाऱ्या मुलाचा उच्छ्वास लांबलचक असतो आणि आत घेतलेला श्वास छोटा, झटक्याचा. झटक्याच्या श्वासाबरोबर औषध नाका-घशात आदळतं आणि गिळलं जातं, छातीत फार कमी उतरतं. रडल्यामुळं मास्कही हलतो. म्हणून रोजचा पंप देताना मूल रडायला लागलं तर थांबा, शांत होऊ द्या, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा द्या. रोजच्या औषधाला तेवढ्या उशिरानं काही होत नाही. मूल खरोखर धापा टाकत असेल तेव्हा मात्र रडणं थांबायची वाट बघायची नाही. मूल घट्ट धरायचं, मास्क बसवायचा आणि द्यायचा.

झोपेत देण्याचा आजीचा उपाय याच रडण्यावरचा होता. पण मास्क नीट दाबून बसवला की बहुतेक मुलं जागी होतात, आणि जागं होऊ नये म्हणून सैल धरला की फट राहते. अर्धवट झोपेतून उठलेलं मूल तर अजूनच रडतं आणि पुढं मास्क दिसला की पळतं. त्यापेक्षा चारेक दिवस नुसता मास्क खेळायला द्यावा, पंपाशिवाय. बाहुलीला लावू द्यावा, दादाला लावू द्यावा, मग स्वतःच्या तोंडाला. पुढं वेळ ठरवून टाकावी, सकाळी आणि रात्री दात घासायच्या आधी. श्वास मोठ्यानं मोजावेत, म्हणजे हे कधी संपणार ते मुलाला कळतं. संपणार आहे हे कळलं की बहुतेक मुलं तेवढा वेळ बसून राहतात.

दाबल्यानंतर

मास्क बसलाय, झडप हलतेय, एकदा दाबलं. आता मास्क हलवायचा नाही. मूल नेहमीसारखा श्वास घेत राहील, तुम्ही झडपेची उघडझाप मोजा. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पाच-सहा श्वास पुरे, लहान बाळासाठी दहापर्यंत मोजा, कारण त्याचा एकेक श्वास छोटा असतो आणि नळी रिकामी व्हायला वेळ लागतो. घड्याळाच्या सेकंदांपेक्षा श्वास मोजणं बरं. मग मास्क काढा, अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप हलवा आणि दुसरा पफ याच क्रमानं द्या. दोन पफांना मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. सकाळी शाळेच्या गाडीच्या घाईत ही मिनिटं काढणं अवघड असतं हे मला माहीत आहे. म्हणूनच वेळ दात घासण्याला जोडायला सांगितली.

रोजच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असतं. ते तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. म्हणून नंतर चूळ भरून थुंकायला लावा. चूळ भरता येत नसेल तर पाणी पाजा आणि तोंड आतून ओल्या फडक्यानं पुसा. मास्कखालची गालाची, ओठाभोवतीची त्वचाही धुवा किंवा पुसा.

पंपाची सवय लागते, सिरप बरं, असं सांगणारं कुणीतरी शेजारीपाजारी असतंच. यात आकडे बघितलेले बरे. दम मोकळा करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका पफात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीस पफांइतकं. पंप औषध जिथं हवं तिथंच टाकतो म्हणून इतकं थोडं पुरतं. सिरप रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं, म्हणून जास्त द्यावं लागतं, आणि त्यानं मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते.

स्पेसर पुसायचा नाही

कागलची आई स्पेसर रोज नळाखाली धुऊन स्वच्छ टॉवेलनं आतून कोरडा करत होती. स्वच्छतेच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं, पण त्यानं नुकसान होत होतं. प्लास्टिकवर कापड घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते, केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तीच. ती औषधाचे थेंब भिंतीकडे ओढून घेते. बाहेरून स्पेसर लखलखीत दिसतो आणि औषध आतल्या भिंतीला जाऊन बसतं. नवाकोरा, पिशवीतून काढलेला प्लास्टिकचा स्पेसरही याच कारणानं वापरण्याआधी एकदा धुवावा लागतो.

धुण्याची पद्धत सोपी आहे. स्पेसरचे भाग सुटे करा. पातेल्यात कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि भाग पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. हलकेच खळबळून बाहेर काढा. आत ब्रश, घासणी, कापड काही घालू नका. नळी आतून पुन्हा साध्या पाण्यानं धुवायची नाही. साबणाचा जो अतिशय पातळ थर राहतो तोच स्थिर वीज होऊ देत नाही. मुलाच्या तोंडाला लागणारा मास्क किंवा तोंडात धरायचा भाग मात्र साध्या पाण्यानं धुवा. मग सगळं जाळीवर उभं ठेवून हवेत वाळू द्या. काही स्पेसर ही वीज धरून न ठेवणाऱ्या खास प्लास्टिकचे किंवा धातूचे असतात. त्यांच्या पत्रकात वेगळं काही सांगितलं असेल तर ते पाळा.

महिन्यातून एकदा धुतला तरी बहुतेक स्पेसरना पुरतं. पत्रकात आठवड्याला लिहिलं असेल तर आठवड्याला. आपल्याकडे अडचण होते ती जुलै-ऑगस्टमध्ये. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पावसात स्पेसर रात्रभरातही वाळत नाही. म्हणून त्या दिवसांत सकाळचे पफ देऊन झाले की लगेच धुवा आणि पंख्याखाली ठेवा, म्हणजे रात्रीपर्यंत तो कोरडा होतो. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा ड्रायरनं वाळवू नका, झडप वाकडी होते. झडप फाटली, कडक झाली किंवा पूर्ण मिटेनाशी झाली की स्पेसर बदलायची वेळ आली. तसं काही दिसलं नाही तरी वर्षाला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

फुस्स आवाज येतो, पण औषध संपलेलं असतं

आता त्या मुलीच्या पंपाचा हिशोब. डबीवर 120 पफ लिहिलेले होते. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे रोज चार. 120 ला 4 नं भागलं की 30 दिवस. 15 ऑक्टोबरला सुरू केलेली डबी 13 नोव्हेंबरच्या रात्री संपली. सुरुवातीला हवेत सोडलेले पफ धरले तर त्याच्याही आधी. डिसेंबरमध्ये ती दाबली तरी फुस्स आवाज येत होता, तुषारही दिसत होता, कारण डबीत औषधापेक्षा ते बाहेर ढकलणारा द्रव थोडा जास्तच भरलेला असतो. लिहिलेले पफ संपले की पुढच्या पफांत औषध किती आहे याची काहीच खात्री उरत नाही.

डबी हलवून आतला आवाज ऐकून हे कळत नाही. पाण्यात तरंगते का बुडते ही युक्तीही भरवशाची नाही, आणि त्यानं तोंडाशी पाणी शिरतं ते वेगळंच. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर डबी सुरू कराल त्याच दिवशी भागाकार करून संपायची तारीख काढा आणि मार्करनं प्लास्टिकच्या खोळीवर लिहा. दम लागल्यावर द्यायच्या पंपाला हा हिशोब चालत नाही, कारण तो रोज लागत नाही. त्याचे पफ कॅलेंडरवर त्या त्या तारखेला रेघा मारून नोंदवा. एका आठवड्यात दोनापेक्षा जास्त दिवशी रेघा दिसायला लागल्या तर ते डॉक्टरांना दाखवायचं, कारण दमा ताब्यात नाही याची ती खूण आहे.

त्याच मार्करनं एका पंपावर ‘रोज’ आणि दुसऱ्यावर ‘दम लागल्यावर’ असंही लिहून टाका. रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो, आणि आजी-आजोबा एकटे असताना घोटाळा होतो.

मास्क कधी सोडायचा

मास्कमधून मूल बरंचसं नाकानं श्वास घेतं आणि नाक औषध अडवतं. म्हणून जमायला लागलं की मास्क काढून स्पेसरची नळी थेट तोंडात धरायला शिकवावं. साधारण चार वर्षांच्या आसपास हे जमतं, काहींना आधी, काहींना पाचाव्या वर्षी. पंप न लावता आधी करून बघा. नळी दातांमध्ये धरायची, जीभ खाली, ओठ मिटलेले, आणि श्वास घ्यायला सांगायचं. झडप हलली तर मूल तोंडानं श्वास घेतंय. हलली नाही तर ते नाकानंच घेतंय, मग अजून थोडे दिवस मास्क चालू द्यावा.

सहा-सात वर्षांच्या मुलाला एकच लांब श्वास शिकवता येतो. आधी श्वास पूर्ण सोडायचा, नळी तोंडात, एक पफ, मग सावकाश खोल श्वास, आणि मनात दहापर्यंत मोजेतो धरून ठेवायचा. धरवत नसेल तर पाच-सहा साधे श्वासही चालतात. काही स्पेसरमधून शिट्टीसारखा आवाज येतो. मुलांना तो आवडतो आणि ती मुद्दाम जोरात ओढतात. तो आवाज श्वास फार जोरात घेतलास हे सांगणारा आहे. तो येऊ न देता ओढायला शिकवा.

त्या मुलीचं पुढं काय केलं

डोस वाढवला नाही. नवी डबी दिली, तिच्यावर संपायची तारीख लिहिली. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून वाळवला. मास्क एक माप मोठा घेतला. आईनं आमच्यासमोर दोन पफ नव्या पद्धतीनं दिले, आणि नंतर आजीनंही दिले, कारण आई रोजगाराला जाते तेव्हा सकाळचा पंप आजीकडे असतो. घरात जो जो पंप देतो त्या प्रत्येकानं एकदा करून दाखवावं असा माझा आग्रह असतो. एकानं शिकून दुसऱ्याला सांगितलं की मधली एखादी पायरी गळतेच. चार आठवड्यांनी दोघी परत आल्या. मुलगी रात्रभर झोपत होती, पळाल्यावर थोडा खोकला उरला होता. हंगाम तेव्हाही चालूच होता, धूर तेवढाच होता. या भेटीतही आधी त्यांना पंप द्यायला लावला आणि आजीचं दुसऱ्यांदा हलवणं राहिलं होतं, ते दुरुस्त केलं.

दम लागतो तेव्हा

अशा वेळी ‘रोज’चा पंप कामाचा नाही, तो श्वासनळ्यांची सूज हळूहळू उतरवतो. दम लागल्यावर द्यायचा सालब्युटामॉलचा पंप घ्या. डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी लिहून दिलेला कागद असेल तर तोच पाळा. तो नसेल तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी साधारण रीत अशी: स्पेसरमधून दोन पफ, वर सांगितल्याप्रमाणे एकेक करून. वीस मिनिटं थांबून बघायचं. उतार नसेल तर पुन्हा दोन, आणि वीस मिनिटांनी गरज पडलीच तर आणखी दोन. पहिल्या दोन तासांत सहा पफांहून जास्त लागतील असं दिसलं की घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. बरं वाटून काही तासांनी पुन्हा दम लागला तरी त्याच दिवशी दाखवून घ्यायचं.

काही खुणा दिसल्या तर वीस मिनिटांची वाटही बघू नका. श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये किंवा गळ्याखाली खड्डा पडतोय, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नाही, बाळ दूध ओढत नाही, ओठ निळसर दिसतात, मूल गुंगीत जातंय. यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा, आणि वाटेतही पंप-स्पेसर चालू ठेवा. मशीनची वाफ मिळेपर्यंत काही करता येत नाही असं समजून हात बांधून बसू नका. सौम्य ते मध्यम दम्याच्या झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेले पफ मशीनच्या वाफेइतकेच काम करतात.

स्पेसर हाताशी नसेल आणि मूल पाचाच्या पुढचं असेल, तर 500 मिलिलिटरची कोरडी प्लास्टिकची बाटली वेळ निभावून नेते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा, फट चिकटपट्टीनं पूर्ण बंद करायची आणि बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत द्यायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दम्याच्या झटक्यात आलेल्या मुलांवर हे तपासलं होतं. फट नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली होती, नुसता प्लास्टिकचा पेला मात्र फारसा उपयोगी पडला नव्हता. रोजच्या औषधाला मात्र झडपेचा स्पेसरच हवा.

दवाखान्यात निघताना दोन्ही पंप, स्पेसर आणि मास्क पिशवीत टाका. एका कागदावर लिहून घ्या: किती वाजता किती पफ दिले, आणि शेवटचा पफ कधी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.